लघवी लाल झाली म्हणून नेफ्रायटिक?

«सर, नेफ्रोटिक आणि नेफ्रायटिकमधल्या फरकावरच्या तुमच्या लेखानं उलट घोळच वाढला. आम्हाला शिकवलंय ते सोपं आहे: प्रथिनं गेली की नेफ्रोटिक, रक्त गेलं की नेफ्रायटिक. एवढं लिहिलं की गुण मिळतात. कास्ट-बिस्ट प्रत्यक्षात कोण बघत बसतं? — एमबीबीएस दुसरं वर्ष, फोंडा»

पॅथॉलॉजीच्या पेपरात गुण मिळतीलही. मेडिसिनच्या केसमध्ये मात्र हाच नियम तुला कुठे नेऊन सोडतो ते बघ. एक रुग्ण कल्पून घे.

डिचोलीकडचा पंचेचाळिशीचा माणूस. दोन महिने पायांवर सूज, लघवीला फेस. चोवीस तासांच्या लघवीत 8 ग्रॅम प्रथिनं, रक्तातलं अल्ब्युमिन 1.8, कोलेस्टेरॉल चढलेलं, क्रिएटिनिन 0.9 आणि बीपी 130/80. बायोप्सीत मेम्ब्रेनस नेफ्रोपथी. इथवर तुझंमाझं भांडण नाही. मग एके रात्री डाव्या कुशीत जोराची कळ येते आणि सकाळी लघवी लाल. स्ट्रिपवर रक्त तीन प्लस.

तुझ्या नियमानं हा आता नेफ्रायटिक झाला. तसं धरून कोणी स्टिरॉइडचे मोठे डोस सुरू केले, तर खरा आजार तसाच राहील. कारण इथे डाव्या रीनल व्हेनमध्ये गुठळी झाली आहे आणि तिचा तुकडा फुप्फुसात जाऊ शकतो.

हे ओळखायचं कशावरून? तू ज्याला कास्ट-बिस्ट म्हणालास त्यावरूनच. ग्लोमेरुलस सुजून फाटला की लाल पेशी त्या फटीतून पिळून बाहेर पडतात आणि नलिकेतून जाताना आणखी बिघडतात: कुणाला फुगवटे, कुणाचा आकारच वेडावाकडा. नलिकेतल्या प्रथिनात त्या अडकल्या की लाल पेशींचे कास्ट बनतात. म्हणून कास्ट दिसले तर रक्त मूत्रपिंडाच्या आतूनच आलंय, असं खात्रीनं म्हणता येतं. आपल्या रुग्णात शिरेचा मार्ग तुंबल्यानं रक्त उतरलंय, म्हणून पेशी बहुतेक गोल, एकसारख्या. लाल पेशींचे कास्ट नाहीत. चरबीचे कास्ट आणि चरबीनं भरलेल्या पेशी मात्र आधीसारख्याच आहेत. बीपी वाढलेलं नाही, लघवीचं प्रमाण घटलेलं नाही, सी3 नॉर्मल. एलडीएच वाढलेलं सापडू शकतं. डॉप्लर किंवा सीटीनं शिक्कामोर्तब होतं. पुरुषात डाव्या बाजूला नव्यानं व्हॅरिकोसील आलंय का तेही हात लावून बघ. डावी टेस्टिक्युलर शीर त्याच रीनल व्हेनला मिळते.

आता कॉम्प्लिकेशन वेगळं पाठ करायला नको. ज्या गळतीतून अल्ब्युमिन जातं, तिथूनच अँटिथ्रॉम्बिनही जातं. यकृत भरपाईला लागतं आणि फायब्रिनोजेन वाढवून ठेवतं. रक्त गोठायला आणखी काय हवं? हा धोका मेम्ब्रेनसमध्ये सर्वांत जास्त, अल्ब्युमिन 2.5च्या खाली गेलं की विशेष. म्हणून उपचार हेपॅरिन, पुढे वॉरफरिन, किमान नेफ्रोटिक अवस्था आहे तोवर. हेपॅरिन काम करतं तेच अँटिथ्रॉम्बिनच्या जोरावर, त्यामुळे इथे नेहमीचा डोस अपुरा पडू शकतो. व्हायवात हा प्रश्न आवडीनं विचारतात.

उलट बाजूही तुझा नियम चुकवतो. पावसाळ्यात पायावर खरजेच्या फोडांत पू झालेला आठ वर्षांचा मुलगा तीन आठवड्यांनी कोकम सरबताच्या रंगाची लघवी, सुजलेला चेहरा आणि 140/95 बीपी घेऊन येतो. स्ट्रिपवर प्रथिनं तीन प्लस! स्ट्रिप एकूण ग्रॅम मोजत नाही, अल्ब्युमिनची तीव्रता दाखवते; लघवीच थोडी आणि घट्ट असेल तर प्लस वाढतात. प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो 2च्या आत, ताज्या नमुन्यात लाल पेशींचे कास्ट, सी3 खाली: हा स्ट्रेप्टोकॉकसनंतरचा नेफ्रायटिस. (त्वचेच्या संसर्गानंतर एएसओ बरेचदा वाढत नाही, अँटी-डीएनेज बी मागव.) इथे भीती गुठळीची नाही. मीठ-पाणी अडकून बीपी चढणं, झटके येणं, फुप्फुसात पाणी होणं, ही भीती. सी3 साधारण आठ आठवड्यांत परत येतं. आलं नाही तर ल्युपस किंवा सी3 ग्लोमेरुलोपथी शोधायला बायोप्सी.

दोन्ही चित्रं खरोखरच एकत्र येतात तेही सांगतो, नाहीतर पुढची कमेंट तीच येईल: ल्युपस नेफ्रायटिसचा चौथा वर्ग, एमपीजीएन. तिथे उत्तरात सरळ ‘मिश्र’ लिही. आणि मेम्ब्रेनस किंवा एफएसजीएसमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली थोड्या लाल पेशी नेहमीच्याच आहेत, त्यांना घाबरून निदान बदलू नकोस.

कोण बघतं, याचं उत्तर: ज्याच्याकडे नमुना तासाभरात पोचतो तो. आपल्याकडच्या उकाड्यात दुपारपर्यंत बाकावर पडलेल्या लघवीत पेशी फुटतात, कास्ट विरघळतात, आणि मग रिपोर्टवर ‘कास्ट नाहीत’ येतं. तसा रिपोर्ट हातात आला तर नमुना किती वाजता घेतला ते आधी विचार.