रूमवर टीव्ही घेताय? आधी भिंत मोजा

"रूमवर टीव्ही घेताय? सरळ ४३ इंची फोरके घ्या. ३२ इंची म्हणजे पैसे पाण्यात, नुसते ठिपके दिसतात. कंपनी कुठलीही चालेल, पॅनेल सगळ्यांचं सारखंच. स्मार्ट आहे ना, वायफाय लागलं की झालं. आणि चौघांत वाटून घेतलं तर काहीच वाटत नाही."

भांडुपच्या वन बीएचकेत आम्ही चौघे राहत होतो तेव्हा हाच सल्ला आम्हालाही मिळाला होता. हॉल दहा बाय बाराचा, पण दोन पलंग आणि मालकाचं लोखंडी कपाट गेल्यावर भिंतीवर मोकळी जागा उरली ३४ इंच. टीव्हीचा इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. ४३ इंची सेट आडवा साधारण ३८ इंच भरतो आणि ३२ इंची २८. आम्ही जुने पेपर चिकटवून ३८ बाय २२चा तुकडा भिंतीला लावून पाहिला, तर तो चार इंच कपाटावर गेला. वाद तिथेच संपला.

ठिपक्यांचं म्हणाल तर ते बसायच्या अंतरावर ठरतं. पलंगावर टेकून बसलं की आमचे डोळे पडद्यापासून सहा फुटांवर असायचे. नजर चांगली असेल तर सहा फुटांवरून साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे ठिपके वेगळे ओळखता येतात. ३२ इंची एचडी रेडी पडद्याचा ठिपका जवळपास तेवढाच असतो, म्हणजे तो जेमतेम पास होतो. ४३ इंची फुल एचडीचाही जवळपास तेवढाच. फोरकेचा त्याच्या निम्मा, पण हा बारीकपणा पाहायचा तर तीन-चार फुटांवर जाऊन बसावं लागेल. लॅपटॉप जोडून टीव्हीवर अभ्यास किंवा कोडिंग करणार असाल तर मात्र गोष्ट वेगळी. दोन फुटांवरून एचडी रेडीवर अक्षरं फुटतात. तेव्हा ३२ इंचीतच फुल एचडी शोधा, आणि खोक्यावर १९२० बाय १०८० हे पॅनेलचं रिझोल्यूशन म्हणून लिहिलंय ना ते वाचा. "१०८०पी चालतो" एवढंच लिहिलं असेल तर कधीकधी पॅनेल १३६६ बाय ७६८चं, म्हणजे एचडी रेडीच निघतं.

पॅनेलच्या बाबतीत तर हा सल्ला साफ चुकतो, आणि फटका बसतो तो नेमका शेअरिंगवाल्यांनाच. एकटा माणूस टीव्हीच्या समोर बसतो. चौघे बसले की एक पलंगाच्या टोकाला, एक खाली चटईवर, एक स्वयंपाकघराच्या दारात. पॅनेलचे मुख्य प्रकार दोन, व्हीए आणि आयपीएस. व्हीएवर समोरून काळा रंग छान गडद दिसतो, पण बाजूने पाहिलं की चेहरे फिके पडतात. आयपीएसवर बाजूने रंग टिकतात; अंधारात मात्र काळा थोडा राखाडी वाटतो. गर्दीच्या खोलीत मी आयपीएसच घेईन. दुकानदाराला नक्की प्रकार माहीत नसतो बऱ्याचदा, म्हणून डेमोचा भडक व्हिडिओ बंद करून बातम्या लावायला सांगा आणि बाजूला सरकत जा. निवेदिकेचा चेहरा पांढुरका व्हायला लागला की समजा, पॅनेल व्हीए असणार.

वायफायची गंमत हॉस्टेलवर कळते. (तिथे खोलीत टीव्ही चालतो का, हे आधी वॉर्डनला विचारा.) हॉस्टेलचं किंवा पीजीचं नेट अनेकदा ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडून पासवर्ड मागतं. टीव्हीवर ते पान बरेचदा उघडतच नाही, आणि नेटवर्क 'जोडलंय' दाखवूनही काहीच चालत नाही. मग मोबाइलचा हॉटस्पॉट. एचडीत एक सिनेमा तासाला ३ जीबीपर्यंत खातो. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर मध्यंतरापर्यंतही पुरत नाही. फोरकेत हाच आकडा तासाला ७ जीबीपर्यंत जातो. म्हणून दुकानात जाण्याआधी रूमवरचं नेट कसं लागतं ते बघा. लॉगिनवालं असेल तर लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावणं हा सगळ्यात स्वस्त इलाज.

विजेचा फरक मामुली आहे, त्यात वेळ घालवू नका. स्टार लेबलवर वर्षाची युनिट्स छापलेली असतात.

वाटून घेण्याचा हिशेब घेताना सोपा असतो, सोडताना नाही. मुंबईत लीव्ह अँड लायसन्स बहुधा अकरा महिन्यांचं. दुसऱ्या वर्षी आमच्यातला एक ठाण्याला गेला आणि त्याचा चौथा हिस्सा किती, यावरून दोन रविवार गेले. आता मी सांगतो, एकानेच घ्या, बिल त्याच्याच नावावर ठेवा, बाकीच्यांनी डीटीएच किंवा नेट भरावं. भिंतीला भोकं पाडायची तर मालकाला विचारूनच, नाहीतर ती डिपॉझिटमधून वळती होतात. टेबलावर स्टँड बरा. आणि खोकं थर्माकोलसकट कपाटावर ठेवा. पॅनेल फुटलं तर ते वॉरंटीत बसत नाही, आणि नवं पॅनेल टाकण्यापेक्षा नवा टीव्ही बरा वाटावा इतका खर्च सांगतात. आमचा ३२ इंची त्याच खोक्यात, उभा धरून, रिक्षाच्या मागच्या सीटवरून मुलुंडला गेला.