पाटी आणि जीएसटीचा पत्ता जुळला की दुकान खरं? थांबा जरा

फिरत असलेला मेसेज:

"कुठल्याही दुकानाला ॲडव्हान्स द्यायच्या आधी त्याचा जीएसटी नंबर सरकारी साइटवर टाका. साइटवरचा पत्ता आणि दुकानाच्या पाटीवरचा पत्ता जुळला तर १०० टक्के खरं दुकान, नाही जुळला तर सरळ फ्रॉड. मालकाचं नाव वेगळं दिसलं तर पैसे देऊच नका. आणि नंबरच नसेल तर दुकान बोगस. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

नाशिकमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे तीनचार जणांनी टाकलं. नंबर तपासायची सवय चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण त्यातून जे निष्कर्ष काढलेत ते जवळपास सगळेच उलटेपालटे आहेत.

आधी न जुळणाऱ्या पत्त्याचं बघू, कारण लोक यालाच जास्त घाबरतात. आमच्या शेजारच्या काकांना इन्व्हर्टरची बॅटरी घ्यायची होती, एम. जी. रोडवरच्या एका दुकानाने कोटेशन दिलं. काकांनी services.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये नंबर टाकला तर Principal Place of Business म्हणून अंबड एमआयडीसीतला गाळा आला, आणि Legal Name मध्ये एका बाईंचं नाव. पाटीवर यातलं काहीच नाही. काका म्हणे कॅन्सल करतो, फ्रॉड आहे. म्हटलं थांबा, जाऊन बघू.

गोष्ट अशी आहे की एका राज्यात एका धंद्याचा साधारण एकच जीएसटी नंबर असतो, मग दुकानं दोन असोत नाहीतर पाच. त्यातली एकच जागा 'मुख्य' म्हणून नोंदवतात आणि साइटवर आपल्यासमोर येतो तो त्या जागेचा पत्ता. बाकीच्या जागा 'ॲडिशनल' म्हणून नोंदवलेल्या असतात. म्हणजे मुख्य जागा ठाण्याची आणि दुकान नाशिकरोडला, हे पण अगदी कायदेशीर आहे. मग खात्री कशी करायची? नियमच असा आहे की रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट प्रत्येक नोंदलेल्या जागी दिसेल असं लावायचं आणि जीएसटी नंबर दारावरच्या पाटीवर लिहायचा. त्या सर्टिफिकेटच्या मागच्या पानाला Annexure A म्हणतात, ॲडिशनल जागांची यादी तिथे असते. या दुकानात काउंटरमागे पहिलं पान फ्रेममध्ये होतं, दुसरं मागितल्यावर पोराने ड्रॉवरमधून काढून दिलं. त्यात एम. जी. रोडचा गाळा, शॉप नंबरसकट. विषय संपला. दाखवायला का कू केलं असतं किंवा यादीत ती जागाच नसती तर मात्र मीपण काकांना थांबा म्हटलं असतं. अर्थात जागा बदलली की १५ दिवसांत नोंद बदलायची असते आणि पुष्कळ दुकानदार तिथे आळस करतात, म्हणजे न जुळणं हा कधीकधी नुसता ढिसाळपणा असतो, चोरी नसते.

आता मालकाच्या नावाचं. एकट्या मालकाचा धंदा असेल, म्हणजे Constitution of Business समोर Proprietorship लिहिलेलं असेल, तर Legal Name हे माणसाचंच नाव असतं, पाटीवरचं नाव Trade Name मध्ये येतं. बायकोच्या किंवा आईच्या नावावर धंदा असणं आपल्याकडे किती कॉमन आहे हे सांगायला नको. उलट हे नाव कामाचं आहे. क्यूआर स्कॅन केल्यावर पेमेंट ॲपमध्ये जे नाव उमटतं ते या Legal Name शी किंवा Trade Name शी जुळतंय का ते बघा. काकांच्या केसमध्ये त्याच बाईंचं नाव आलं. तिथे भलताच कोणी तिसरा आला असता तर ती खरी धोक्याची खूण.

पाटी मराठीत आणि साइटवर नाव इंग्रजीत असल्यामुळे स्पेलिंगमध्ये Shri, Shree, Sri असा गोंधळ असतोच, त्यावर डोकं खाऊ नका. नंबर जुळवा. तो कसा वाचायचा ते एकदा बघून ठेवा:

```
27 XXXPX0000X 1 Z X
```

पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७. नाशिकच्या काउंटरवर माल घेतला आणि बिलावर नंबर २४ ने सुरू होतोय, म्हणजे गुजरातचा, तर विचारा का ते. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. पाटीवर रंगवलेला शून्य आहे का ओ, हे त्याच्या जागेवरूनच कळतं. आणि एकूण नंबरातलं सहावं अक्षर बघा. P असेल तर एकटा माणूस, C असेल तर कंपनी, F असेल तर फर्म. पाटीवर मोठ्या अक्षरात 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहावं अक्षर P, तर पाटी खोटं बोलतेय नाहीतर नंबर दुसऱ्याचा आहे.

आता त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य, ते पत्ता जुळला तर १०० टक्के खरं दुकानवालं. जीएसटी नंबर गुपित नसतो हो, पाटीवर असतो, प्रत्येक बिलावर असतो. समजा मेनरोडवरच्या एका चांगल्या चालत्या दुकानाच्या बिलाचा फोटो कोणीतरी काढला आणि तोच नंबर, तोच पत्ता, पाटीचा फोटोसुद्धा टाकून व्हॉट्सॲपवर पैठण्या विकायला लागला. तुम्ही साइटवर टाकणार, स्टेटस Active, पत्ता जुळला, पाटी जुळली, सगळं हिरवं. कारण ते दुकान खरंच आहे! फक्त तुमच्याशी बोलणारा त्या दुकानाचा नाही. साइटवर दुकानदाराचा मोबाइल दिसत नाही त्यामुळे हा दुवा साइट जोडून देऊच शकत नाही. तो आपणच जोडायचा. आपण नाशिकमध्येच आहोत, गाडी काढा आणि त्या पत्त्यावर जाऊन विचारा की हा मोबाइल नंबर आणि हा क्यूआर तुमचाच का. जाणं जमत नसेल तर ओळखीच्याला पाठवा, पण विक्रेत्यानेच दिलेल्या नंबरवर फोन करून 'खात्री' करू नका, तो हो म्हणणारच की.

राहिलं नंबर नसलेल्यांचं. फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात साधारणपणे रजिस्ट्रेशनची सक्तीच नाही, सर्व्हिस देणाऱ्याला २० लाख. भद्रकालीतला छोटा दुकानदार नंबर नसूनही सरळमार्गी असू शकतो. फक्त मग त्याने बिलात जीएसटी लावायचा नाही. नंबर नाही आणि खाली सीजीएसटी-एसजीएसटी ९-९ टक्के लावलाय, तर तो टॅक्स सरकारकडे जाणार कसा? तसंच साइटवर Taxpayer Type समोर Composition असेल तर त्यालाही गिऱ्हाइकाकडून वेगळा टॅक्स घेता येत नाही, त्याच्या पाटीवर तर composition taxable person असं लिहिलेलंच असायला पाहिजे.

काकांची बॅटरी बसली, बिलावर तोच नंबर आला आणि पत्ता एम. जी. रोडचा. मेसेज मात्र अजून ग्रुपवर फिरतोय.