'हक्क राखून' ही ओळ काय वाचवते, काय नाही

"करार संपवण्याच्या पत्राच्या शेवटी 'आमचे सर्व हक्क राखून' एवढं लिहा. मग वर काहीही लिहिलं तरी नंतर सगळं मागता येतं."

असा सल्ला ऐकू येतो. पण ही ओळ एकच काम करते: आपण ज्याबद्दल गप्प राहिलो, ते सोडून दिलं असा अर्थ निघू देत नाही. समजा, पत्रात उशिराचं कारण दिलंय, पण निकृष्ट मालाची तपासणी अजून चालू आहे. तिथे ही ओळ हवीच, आणि तीही मोघम नको. "मालाच्या दर्जाबाबतचा दावा आम्ही सोडलेला नाही" असं नाव घेऊन लिहावं.

पण वर जे स्पष्ट लिहिलंय, ते खालची ओळ पुसू शकत नाही. इंग्लंडमधला फोन्स फोर यू विरुद्ध ईई हा २०१८ चा निकाल मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. फोन्स फोर यू ही मोबाइल विकणारी दुकानसाखळी, ईई ही मोबाइल नेटवर्क कंपनी. २०१४ मध्ये फोन्स फोर यू आर्थिक अडचणीत आली आणि तिच्यावर प्रशासक नेमले गेले. तसं झालं तर करार संपवण्याची मुभा ईईला एका कलमाने दिली होती आणि त्यासाठी समोरच्याची चूक असण्याची गरज नव्हती. ईईने त्याच कलमाखाली पत्र पाठवलं आणि इतर हक्क सोडलेले नाहीत, असंही त्यात लिहिलं. पुढे करारभंग झाला म्हणून उरलेल्या मुदतीतल्या बुडालेल्या नफ्याची भरपाई मागितली. कोर्टाने ती नाकारली. पत्राने करारभंगासाठी करार संपवलाच नव्हता; करार संपल्याचं नुकसान ईईच्या स्वतःच्या निवडीतून आलं होतं. राखलेल्या हक्कांत पत्र पाठवण्याआधीच्या करारभंगाचे इतर दावे राहू शकतात, पण फक्त अशा कलमाखाली संपवलेला करार करारभंगासाठी संपवला होता, असं मागाहून म्हणता येत नाही.

म्हणून जोर शेवटच्या ओळीवर नाही, पहिल्या परिच्छेदावर हवा. करारभंग खरोखर गंभीर असेल तर तिथेच लिहावं: "कलम अमुकनुसार, तसेच तुम्ही केलेल्या गंभीर करारभंगामुळे कायद्याने मिळणाऱ्या हक्कानुसार, आम्ही हा करार संपवत आहोत." फक्त दोन्ही वाटांचे परिणाम एकमेकांना छेद देत नाहीत ना, हे आधी पाहावं. कलम तीस दिवसांची नोटीस मागत असेल आणि दुसरी वाट करार आजच संपवत असेल, तर वकिलाला विचारूनच एक निवडावी.

त्याच ओळीच्या जागी 'विदाउट प्रेज्युडिस' छापणारेही खूप भेटतात. ते शब्द तडजोडीच्या बोलणीसाठी असतात. करार संपवणाऱ्या पत्रावर ते टाकले, तर हे पत्र पुरावा म्हणून चालणारच नाही, असा वाद उभा राहू शकतो.

आणि वागणूक. करार संपवल्यावर जुनी थकबाकी स्वीकारायची असेल, तर "ही रक्कम आधीच्या बिलांपोटी घेत आहोत, करार संपलेलाच आहे" असं पोचपावतीवरच लिहावं. पण नवी ऑर्डर दिली, नवं बिल फेडलं, तर ओळ कितीही ठळक असली तरी करार चालू ठेवल्यासारखंच दिसतं.