'देअर इज' आणि 'देअर आर'बाबतच्या संदेशाचा खुलासा

"यादीत दोन किंवा अधिक वस्तू असतील, तर नेहमी 'देअर आर'च लिहायचे, 'देअर इज' लिहिले की गुण गेलेच."

कोल्हापुरातील पालकांच्या गटांत फिरणारा हा संदेश माझ्याच जुन्या टिपणावरून तयार झाला आहे आणि ते टिपण अपुरे होते. प्रचलित इंग्रजीत क्रियापद सहसा यादीतील पहिल्या, म्हणजे त्याला लागून आलेल्या नामाप्रमाणे चालते. रंकाळ्यावर एक नाव आणि तीन कोळी दिसले, तर 'देअर वॉज अ बोट अँड थ्री फिशरमेन' असे लिहिले जाते. क्रम उलटला की 'देअर वेअर थ्री फिशरमेन अँड अ बोट' होते. पूर्ण वर्तमानकाळातही 'हॅज बीन' की 'हॅव बीन' हे पहिलेच नाम ठरवते. भविष्यकाळात मात्र 'विल बी' बदलतच नाही.

"ताटात भाकरी, अंडी आणि तांबडा रस्सा होता" असे आपणही म्हणतोच. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने जवळचे नाम शेवटचे ठरते, इंग्रजीत पहिले, एवढाच फरक.

यादी एकवचनी नामाने सुरू होत असतानाही 'देअर आर' लिहिणारे काटेकोर लेखक आहेत. त्यांचे वाक्य चूक नव्हे, फक्त 'देअर आर अ बोट' कानाला खटकते. अनेकवचनी नाम आधी घेतल्यास हा पेचच उरत नाही.

जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये.