"भाषण लिहून दे", बास, एवढंच

मागच्या मार्चमध्ये वहिनीचा मेसेज, "सावित्रीबाईंवर भाषण लिहून दे, अर्जंट आहे." फोन लावला तर बंद. मी धरून चाललो की पाचवीतल्या पुतण्याला हवं असणार, आणि "आदरणीय गुरुजन वर्ग, आज मी तुमच्यासमोर उभा आहे" असं लिहून पाठवलं. संध्याकाळी कळलं की बोलणार होती वहिनी स्वतः, बचत गटाच्या बायकांसमोर, ८ मार्चला. तिला ते वाचताच येईना, फार वाईट वाटलं मला.

तेव्हापासून माहिती नसेल आणि विचारायलाही कुणी नसेल तर मी वेगळं लिहितो. पहिलं म्हणजे प्रसंग लिहायचाच नाही. हेच भाषण ३ जानेवारीला जयंतीला लागेल, ८ मार्चला लागेल नाहीतर १० मार्चला पुण्यतिथीला, त्यामुळे "आज जयंतीनिमित्त" असं घातलं की दोन दिवस गेलेच हातातून. मग बोलणारा. आपल्या मराठीत क्रियापदच सांगून टाकतं बाई आहे की पुरुष, म्हणून "मी उभा आहे", "मी सांगते" हे टाळून "मला वाटतं", "मी वाचलंय", "मी सांगणार आहे" असं लिहायचं, हे कुणाच्याही तोंडी बसतं. सुरुवात नुसती "सगळ्यांना नमस्कार".

ऐकणारे कोण ते माहीत नसताना सनावळ्या कमी करायच्या आणि एकच प्रसंग नीट सांगायचा. मी १८९७ च्या प्लेगचा घेतो. मुलगा यशवंत डॉक्टर, पुण्याबाहेर रोग्यांवर उपचार करत होता, आणि साठी ओलांडलेल्या सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन तिथवर आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. हे पाचवीतल्या पोरालाही कळतं आणि कलेक्टर ऑफिसातल्या माणसालाही आत लागतं. १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा मी वेगळ्या परिच्छेदात ठेवतो, कारण ती बऱ्याच जणांनी आधी ऐकलेली असते.

वेळेचं म्हणाल तर मी स्वतः मोठ्यानं वाचून घड्याळ लावलंय, मिनिटाला साधारण शंभर शब्द जातात, लहान मूल असेल तर अजून कमी. म्हणून तीनशे शब्द लिहायचे, पण प्लेगचा परिच्छेद एकटा उभा राहिला पाहिजे आणि बाकीचे काढले तरी काही तुटायला नको, त्यासाठी "वर सांगितल्याप्रमाणे", "दुसरी गोष्ट म्हणजे" असले सांधे लिहायचेच नाहीत. आयत्या वेळी कुणी "एका मिनिटात आटपा" म्हणालं तरी माणूस अडत नाही.

एक गोष्ट मात्र अशी भरता येत नाही, बोलणाऱ्याचा स्वतःचा अनुभव. तो मी कधीच बनवून लिहीत नाही, तिथे रिकामी ओळ सोडतो आणि खाली कळवतो, "वेळ तीन मिनिटं धरलीय, इथे तुमचं काहीतरी घाला." वहिनीला रात्री नवीन पाठवलं तेव्हा तिनं त्या ओळीत लिहिलं की सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. मला हे आजवर माहीत नव्हतं.