‘खरंच’ या एका शब्दाबद्दल

माझी कथा एका सॉफ्टवेअर टीमच्या बोर्डबद्दल होती. त्यावर प्रत्येक कामाचं एक नंबर दिलेलं कार्ड, आणि काम पुढे गेलं की कार्ड हाताने पुढच्या कॉलममध्ये सरकवायचं. निरंजन कोड लिहितो, केतकी तो तपासते, आणि सहा आठवड्यांत बोर्डवर कुणाचाच विश्वास उरत नाही. त्यावर आलेली प्रतिक्रिया: “कथा पटली नाही. सहा आठवडे बोर्ड खोटं दाखवतोय आणि टीममध्ये ना कुणी आळशी, ना कुणी लबाड! असं नसतं हो. विश्वास नेमका कधी उडाला तेही दाखवलेलं नाही, एखाद-दुसरं कार्ड मागे राहिलं म्हणून कुणी बोर्ड बघायचं सोडत नाही. रोज सकाळी दहा मिनिटं शिस्तीत बोर्ड अपडेट करून घेतला असता तर ही गोष्टच घडली नसती. शेवट तर कळलाच नाही. – सतरा वर्षं याच धंद्यात असलेला एक लीड”

सर, एवढं नीट वाचून कुणी शिव्या घातल्या की बरं वाटतं, म्हणून उत्तरही जरा लांबतंय.

विश्वास उडाल्याचा क्षण कथेत आहे, पण फार बारीक ठेवला होता, ती चूक माझी. दुसऱ्या आठवड्यात केतकी ग्रुपवर विचारते, “१४२ झालं का?” चौथ्या आठवड्यात विचारते, “१४२ खरंच झालं का?” मला सगळी कथा त्या ‘खरंच’साठी लिहायची होती. पहिला प्रश्न विचारणारीने बोर्ड बघितलेला नाही. दुसरा विचारणारीने बघितलाय, आणि तरी विचारतेय.

मधल्या दोन आठवड्यांत काय होतं? निरंजन त्याचं काम टीमच्या सामाईक कोडमध्ये मर्ज करतो आणि कार्ड ‘रेडी फॉर क्यूए’मध्ये, म्हणजे तपासायला तयार या कॉलममध्ये टाकतो. त्याच्या हिशेबाने हे शंभर टक्के खरं आहे, त्याचं काम संपलंय. पण स्टेजिंगवर, म्हणजे केतकी जिथे तपासते त्या सर्व्हरवर, नव्या कोडचं बिल्ड चढतं संध्याकाळी सातला. केतकी दुपारी तीनला ते कार्ड उचलते, जुन्याच बिल्डवर दोन तास तपासते, बग टाकते. दुसऱ्या दिवशी बग बंद, खाली शेरा: “हे कालच फिक्स झालंय.” असं तीनदा झाल्यावर तिने काय करायचं? यात लबाड कोण, तुम्हीच सांगा. त्या कॉलमच्या नावाचा अर्थ दोघांच्या डोक्यात वेगळा आहे, आणि तो ठरवायला कुणी कधी बसलंच नाही.

इथे एक गोष्ट तुम्हाला जाणवली असेलच. कार्ड खोटं होण्याच्याही दोन जाती आहेत. काम झालंय पण कार्ड मागेच पडलंय, यात मॅनेजर उगाच काळजी करतो, बाकी कुणाचं काही जात नाही. काम झालेलं नाही आणि कार्ड पुढे गेलंय, यात मात्र पुढच्या माणसाची अख्खी दुपार जाते. विश्वास या दुसऱ्या जातीने जातो, आणि असली कार्डं फार लागतही नाहीत.

“एखाद-दुसरं कार्ड” म्हणालात म्हणून हिशेब मांडतो. समजा पाच कार्डांतलं एकच चुकीचं आहे. म्हणजे बोर्ड ८० टक्के खरा, ऐकायला वाईट नाही. पण केतकीला रिलीजसाठी तीन कार्डं एकत्र लागतात. तिन्ही खरी असण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ५१ टक्के. छापा-काटा. शिवाय चुकीचं कार्ड कुठलं हे वरून कळत नाही, त्यामुळे विचारायचं तर तिन्हींबद्दल विचारावं लागतं. आणि सगळ्यांबद्दल विचारायचंच असेल तर आधी बोर्ड उघडा कशाला? इंडिकेटरवर लागलेली लोकल चार वेळा भलतीच आली की माणूस मान वर करत नाही, शेजारच्याला विचारतो. तसंच.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. केतकीने ग्रुपवर विचारलं, निरंजनने ग्रुपवर सांगितलं, झालं. आता त्याने कार्ड कशासाठी हलवायचं? ज्याला माहिती हवी होती त्याला ती मिळाली. कार्ड हलवणारा ते दुसऱ्यासाठी हलवतो, त्याला स्वतःला त्यातून काही मिळत नाही. कार्ड मागे राहिलं तर ओरडणारं कुणीतरी असतं, म्हणून बोर्ड ताजा राहतो. बघणारे गेले की ओरडणारेही जातात, आणि मग बोर्ड शांतपणे शिळा होत राहतो.

मूळ कानबान, म्हणजे या कार्डांच्या बोर्डमागची पद्धत, ज्या टोयोटाच्या कारखान्यातून आलं तिथे कार्ड सुट्या भागांच्या पेटीलाच अडकवलेलं असायचं. पेटी हलली की कार्ड हललं. आपल्याकडे पेटी, म्हणजे कोड, गिटमध्ये आणि कार्ड बोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये, जिरामध्ये, आणि या दोघांना जोडणारा दोरा म्हणजे निरंजनची आठवण. हा दोरा ऑटोमेशनने बांधता येतो, मर्ज झालं की कार्ड आपोआप पुढे. पण वरच्या प्रसंगात कार्ड नेमकं मर्जपाशीच तर हललं होतं! बांधायचाच तर तो स्टेजिंगवर बिल्ड चढण्याशी बांधायला हवा. आणि ‘क्लायंटच्या उत्तराची वाट बघतोय’ हे तर कुठलंच गिट सांगणार नाही.

आता तुमची दहा मिनिटं. कथेत ती आहेत की! पाचव्या आठवड्यात मॅनेजर फर्मान काढतो, शुक्रवारच्या रिव्ह्यूआधी बोर्ड स्वच्छ पाहिजे. गुरुवारी साडेसहाला निरंजन उभ्या उभ्या सात कार्डं सरकवतो, चार मिनिटांत, एका हातात गाडीची किल्ली. हा प्रसंग मी बघून लिहिलाय. कुठल्या कॉलममध्ये रोज किती कार्डं ते पट्ट्यांनी दाखवणारा क्युम्युलेटिव्ह फ्लोचा आलेख अशा टीमसाठी काढा, पट्टे हळूहळू चढत नाहीत, आठवडाभर सपाट आणि गुरुवारी एक पायरी. सायकल टाइममध्ये, म्हणजे कार्डाला लागलेल्या वेळेच्या हिशेबात, काही कार्डं ‘इन प्रोग्रेस’मध्ये नऊ सेकंद राहिलेली दिसतात. फर्मानाने बोर्ड स्वच्छ झाला, पण फक्त शुक्रवारपुरता, आणि तोही मॅनेजरसाठी. केतकीला तो मंगळवारी तीन वाजता हवा होता.

जिरामध्ये शिळी कार्डं शोधायची असतील तर `updated` या फील्डवर जाऊ नका, नुसती कॉमेंट टाकली तरी ते ताजं होतं. स्टेटस कधी बदललं ते विचारा:

```
status = "In Progress" AND NOT status CHANGED AFTER -5d
```

यात येणारं, म्हणजे पाच दिवस जागचं न हललेलं, प्रत्येक कार्ड खोटं असतं असं नाही, मोठं कामही असू शकतं. पण आलेल्या प्रत्येक कार्डाबद्दल एक प्रश्न विचारता येतो. उलट जात, म्हणजे उगाच पुढे गेलेलं कार्ड, यात सापडणार नाही. ते फक्त केतकीलाच सापडतं.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. मॅनेजरला मी फार स्वस्तात सोडला. नऊ कॉलम त्यानेच केले होते, ‘डेव्ह डन’ आणि ‘मर्ज्ड’ वेगवेगळे, आणि या दोहोंत काय फरक ते तो स्वतः सांगू शकला नसता. तो प्रसंग लिहिला होता, लांबी वाढते म्हणून काढला. काढायला नको होता.

आणि शेवट. कथेत ऑफिसातल्या ज्या टीव्हीवर बोर्ड कायम दिसतो, त्याची केबल मॅच बघायला कुणीतरी काढतं आणि अकरा दिवस ती कुणी परत लावत नाही. तुम्हाला हे ओढूनताणून वाटलं असेल तर खरं घडलेलं सांगतो. आमच्या जुन्या ऑफिसात केबल जागेवरच होती. टीव्हीवरचं लॉगिन संपलं होतं, आणि बोर्डच्या जागी पासवर्डची रिकामी चौकट दिसत होती. हे आमच्या लक्षात आणून दिलं ते सफाईला येणाऱ्या मावशींनी, “दादा, हा टीव्ही बिघडलाय का, दोन आठवडे असाच आहे.” मी रोज त्याच्यासमोरून चहाला जात होतो.