दोन फुटी भिंतीचा फॉरवर्ड

"भिंत जितकी जाड तितकं घर भूकंपात पक्कं. आजोबांच्या दोन फुटी दगडी भिंती शंभर वर्षं उभ्या आहेत. खिडक्या कोपऱ्यात घ्या, वारा खेळतो. काँक्रीटची पट्टी म्हणजे खर्च वाढवायचा धंदा."

हा मेसेज माझ्या मामाने मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मग आपण दगडाचंच करू." त्याचं नवं घर विटेचं ठरलं होतं. मामाचं गाव लातूर जिल्ह्यातलं. त्या मातीत हे वाचून कुणी मान डोलवावी, याचा मला खरंच राग आला.

आधी जाडीचं बोलू. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे 8,000 माणसं गेली. त्यातली बहुतेक अशाच जाड भिंतींखाली आणि वरच्या माळवदाच्या मातीखाली गाडली गेली. शंभर वर्षं उभी राहिलेली भिंत शंभर वर्षांत एकदाही तशी हललेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

दोन फुटी दगडी भिंत दिसते एक, पण असतात दोन. बाहेरून चांगल्या तोंडाच्या दगडांचा एक पदर, आतून दुसरा, आणि मधे चिपा नि माती. हादरा बसला की मधली भर खाली दबते आणि दोन्ही पदरांना बाहेर ढकलते. भिंतीला पोट येतं, मग बाहेरचा पदर अंगणात पडतो आणि आतला झोपलेल्या माणसांवर. वजनही पाहा. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. एक चौरस मीटर दोन फुटी दगडी भिंत साधारण 1,400 किलो भरते, नऊ इंची विटेची 450 च्या आसपास. म्हणजे तिप्पट धक्का आपणच विकत घ्यायचा. म्हणूनच IS 13828 हे मानक दगडी भिंत 450 मिमीपेक्षा जाड करू नका म्हणतं. शिवाय दर 600 मिमी उंचीला, 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीच्या आरपार जाणारा दगड घालायला सांगतं. तोच दोन पदरांना एकत्र धरतो.

जाडीच्या दाव्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. फार सडपातळ भिंत भाराखाली वाकते. पण मामाची भिंत सडपातळ आहे का? उंची 3 मीटर, नऊ इंची वीट म्हणजे 230 मिमी, सिमेंटचा माल, वर स्लॅब. स्लॅब भिंतीचा माथा धरून ठेवतो, म्हणून हिशेबात उंचीचा पाऊण भाग धरतात: 2,250 भागिले 230, म्हणजे दहाच्या आत. IS 1905 ची मर्यादा 27 आहे. वर नुसते पत्रे असते आणि माथा मोकळा असता, तर दीडपट उंची धरून आकडा वीसच्या जवळ गेला असता. म्हणजे माथा कशाने धरलाय, हा प्रश्न जाडीपेक्षा मोठा आहे.

खिडक्यांचं थोडक्यात. कोपरा ही दोन भिंतींची गाठ; तिथेच भोक पाडलं तर बांधायचं काय? नकाशात मामाच्या 14 फुटी दर्शनी भिंतीत साडेतीन फुटी दरवाजा आणि चार-चार फुटी दोन खिडक्या काढल्या होत्या. बेरीज साडेअकरा, भिंत उरली अडीच फूट. IS 4326 एकमजली घराला भूकंपधोक्याच्या सगळ्यात सौम्य वर्गातही भिंतीच्या लांबीच्या साठ टक्क्यांपर्यंतच दारं-खिडक्या काढू देतं, कडक वर्गात निम्म्यापर्यंतच. आम्ही एक खिडकी बाजूच्या भिंतीत नेली, दुसरी साडेतीन फुटांची केली. आता दोन फूट भिंत, दरवाजा, तीन फूट भिंत, खिडकी, पुन्हा दोन फूट. वारा तेवढाच येतो.

राहिली पट्टी, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्यावरून सगळ्या भिंतींवर अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा. घराच्या सगळ्या भिंती मिळून 40 मीटर. लिंटेल पातळीची पट्टी 75 मिमी जाड, त्यात 8 मिमीच्या दोन सळया आणि दर 150 मिमीला 6 मिमीचा आडवा तुकडा: सगळं मिळून पन्नासेक किलो लोखंड आणि पाऊण घनमीटरही नाही एवढं काँक्रीट. याला धंदा म्हणायचं? खरी फसवणूक वेगळीच असते: गवंडी फक्त दारं-खिडक्यांवर लिंटेल ओततो आणि त्यालाच पट्टी म्हणतो. मामा, काँक्रीट ओतायच्या आधी सळईवर बोट ठेवून घराला पूर्ण फेरी मार, आतल्या भिंतींवरूनही. बोट कुठेही अडलं नाही पाहिजे. कोपऱ्यात सळई तोडलेली नको; वळवून पुढच्या भिंतीत नेऊन दुसरीवर चढवलेली हवी.

आणि आजोबांच्या जुन्या घरात कडबा ठेवतोस, तिथे उत्तरेच्या भिंतीला ओळंबा लावून बघ. पोट सुटलं नसेल, तर दोन्हीकडचे दगड अलगद काढून आरपार भोकात आकडे वळवलेली 8 मिमीची सळई घालता येते आणि ते काँक्रीटने भरता येतं. किल्लारीनंतर अशी घरं सांधलेली आहेत. पोट सुटलं असेल, तर तो भाग उतरवून नव्याने बांधेपर्यंत मुलांना आत जाऊ देऊ नकोस.